पिवळ्या उंदरांचे २:१ गुणोत्तर: या चुका टाळा

पिवळा उंदीर आणि पिवळी उंदरीण यांचा संकर केला की पिल्ले दोन पिवळी आणि एक बिनपिवळे, या प्रमाणात मिळतात. नेहमीचे ३:१ इथे मोडते, कारण दोन्ही प्रती पिवळ्याच्या असलेला गर्भ जन्माआधीच मरतो. एवढे पाठ असते. चुका होतात त्या याच्या आजूबाजूला, आणि त्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे गुणोत्तर पाहूनच निकाल लावणे. हा मोह किती फसवा आहे हे पाहायला या उंदरांच्या मूळ आकड्यांकडेच जाऊ या.

फक्त गुणोत्तरावर विसंबणे

फ्रान्समधल्या नान्सी येथे ल्युसियाँ क्येनो यांनी १९०५ मध्ये पिवळ्या उंदरांचे आपसात संकर केले. पिल्ले मिळाली २६३ पिवळी आणि १०० इतर रंगांची. आता हे आकडे काय-स्क्वेअर चाचणीत घालून पाहा; उत्तर जितके मोठे, तितके आकडे अपेक्षेपासून दूर. ३:१ धरले तर ३६३ पैकी २७२.२५ पिवळी आणि ९०.७५ बिनपिवळी अपेक्षित. काय-स्क्वेअर येतो सुमारे १.२६, म्हणजे आकडे ३:१ शी छान जुळतात. २:१ धरले तर अपेक्षित २४२ आणि १२१, आणि काय-स्क्वेअर सुमारे ५.४७. पाच टक्के पातळीची मर्यादा ३.८४ असते, म्हणून हे गुणोत्तर चक्क नापास होते! ज्या प्रयोगामुळे घातक अलीलची, म्हणजे जीव घेणाऱ्या जनुकरूपाची, गोष्ट सुरू झाली, त्याचेच आकडे २:१ च्या विरोधात बोलतात.

मग काहीतरी बिनसले आहे हे क्येनो यांना कळले कशावरून? त्यांनी पिवळ्या पिल्लांची परीक्षा घेतली. नेहमीचे ३:१ असते तर पिवळ्यांपैकी एक तृतीयांश पिल्ले समयुग्मजी, म्हणजे दोन्ही प्रती पिवळ्याच्या असलेली, निघायला हवी होती. अशा उंदराचा बिनपिवळ्याशी संकर केला तर सगळी पिल्ले पिवळीच होतात. क्येनो यांनी ८१ पिवळे उंदीर असे तपासले. एकही समयुग्मजी निघाला नाही. निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता २/३ चा ८१ वा घात, म्हणजे जवळजवळ शून्य.

त्यांचा निष्कर्ष मात्र चुकला. पिवळ्या अलीलचा शुक्राणू पिवळ्या अलीलच्या अंड्याला फळवतच नाही, असे त्यांनी मानले. ही कल्पना मूर्खपणाची नव्हती. शुक्राणू भरपूर असतात, त्यामुळे ते अंडे वाया जात नाही, दुसऱ्या अलीलचा शुक्राणू त्याला फळवतो. हिशोब करा: निम्मी अंडी पिवळ्या अलीलची, ती सगळी विषमयुग्मजी, म्हणजे पिवळ्याची एकच प्रत असलेली, पिवळी होतील. उरलेल्या निम्म्या अंड्यांपैकी अर्धी पिवळी, अर्धी बिनपिवळी. एकूण तीन चतुर्थांश पिवळी, एक चतुर्थांश बिनपिवळी. म्हणजे पुन्हा ३:१, पण सगळी पिवळी विषमयुग्मजी! त्यांच्या हातातले आकडे या कल्पनेत चपखल बसत होते.

कोडे सुटले ते १९१० मध्ये. अमेरिकेत विल्यम कॅसल आणि क्लॅरेन्स लिटल यांनी मोठ्या संख्येने पिल्ले मोजली: ८०० पिवळी, ४३५ बिनपिवळी. २:१ साठी काय-स्क्वेअर सुमारे १.९८, सहज पास. ३:१ साठी जवळपास ६९, साफ नापास. पिवळ्या-पिवळ्या संकरातली वेते पिवळ्या-बिनपिवळ्या संकरातल्या वेतांपेक्षा लहान होती, हेही त्यांनी पाहिले. फलन होतच नसेल आणि अंडे दुसऱ्याने फळवले जात असेल, तर वेत लहान व्हायचे कारण नाही. अंडे फळले आणि गर्भ पुढे मेला, तरच वेत आटते. पुढे पिवळ्या-पिवळ्या संकरातल्या माद्यांच्या गर्भाशयात मेलेले गर्भ प्रत्यक्ष सापडलेही.

थोड्या पिल्लांवर निकाल देणे

प्रयोगवहीत किंवा सरावाच्या गणितात चाळीस पिल्ले असतात आणि मुले "हे २:१ आहे" असे ठामपणे लिहितात. समजा २८ पिवळी आणि १२ बिनपिवळी मिळाली. ३:१ साठी काय-स्क्वेअर ०.५३ आणि २:१ साठी ०.२०. दोन्ही पास. या आकड्यांवरून तुम्ही काहीच सिद्ध केलेले नाही. तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश यांच्यात फरक फक्त एक बारांशाचा आहे, आणि तो खात्रीने पकडायचा तर साधारण सव्वादोनशे पिल्ले लागतात.

म्हणून माझा आग्रह असा, की पिल्ले मोजत बसण्याऐवजी चाचणी संकर करा. बारा पिवळी पिल्ले वाढवून प्रत्येकाचा बिनपिवळ्याशी संकर केला आणि बारापैकी एकही समयुग्मजी निघाले नाही, तर समयुग्मजी जगत असूनही केवळ नशिबाने असे घडण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी राहते. चाचणीत एक जरी बिनपिवळे पिल्लू झाले, तरी तो उंदीर विषमयुग्मजी आहे हे पक्के. उलट बाजूने घाई करू नका: तीन-चार पिल्ले सगळी पिवळी आली म्हणून त्याला समयुग्मजी ठरवता येत नाही. विषमयुग्मजी उंदराची सलग सात पिल्ले पिवळी होण्याची शक्यता १२८ मध्ये एक आहे, तेव्हा निदान सात तरी पाहा.

वेत मोजतानाही तुलना नीट हवी. पिवळ्या-पिवळ्या जोडीची तुलना पिवळ्या-बिनपिवळ्या जोडीशी करायची, आणि माद्या शक्यतो एकाच कुळातल्या आणि सारख्या वयाच्या घ्यायच्या. शिवाय वेत अचूक पाव भागानेच घटेल अशी अपेक्षा ठेवू नका. काही गर्भ फार लवकर गेले की उरलेल्यांना गर्भाशयात जागा जास्त मिळते आणि एरवी न तगणारे काही तगतात.

"पिवळा अलील प्रभावी, म्हणून घातकताही प्रभावी"

ही चूक सर्वांत जास्त उत्तरांत दिसते, आणि ती शब्दांच्या ढिलाईतून येते. प्रभावी किंवा अप्रभावी हा गुणधर्म अलीलचा नसून अलील आणि लक्षण या जोडीचा असतो. पिवळा अलील रंगासाठी प्रभावी आहे, कारण एका प्रतीनेच केस पिवळे होतात. जीव घेण्यासाठी तो अप्रभावी आहे, कारण त्याला दोन प्रती लागतात. घातकता प्रभावी असती तर एकही पिवळा उंदीर जिवंत दिसला नसता आणि हे संकर करायला जोडीच मिळाली नसती.

रेण्वीय पातळीवर हे दोन्ही परिणाम एकाच घटनेतून कसे येतात ते कळले की गोंधळ उरत नाही. या अलीलमध्ये गुणसूत्राचा सुमारे १,७०,००० बेस जोड्यांचा तुकडा गळालेला आहे. तो गळाल्यामुळे शेजारच्या Raly जनुकाचा सुरुवातीचा स्विच थेट अगूटी जनुकाच्या डोक्यावर येऊन बसला. अगूटी प्रथिन एरवी केसाच्या मुळाशी ठरावीक वेळीच बनते. आता ते शरीरभर सतत बनू लागते. त्याने केस पिवळे होतात आणि उंदीर लठ्ठही होतो. इथे काहीतरी जास्तीचे मिळाले आहे, म्हणून एक प्रत पुरते. गर्भ मरतो तो मात्र गळालेल्या भागामुळे, आणि तिथे उणीव असल्याने दुसरी धड प्रत असली की काम भागते. दोन्ही प्रतींत तो तुकडा नसेल तर गर्भ गर्भाशयात रुजण्याच्या सुमारासच मरतो.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. प्रत्येक अप्रभावी घातक अलील २:१ दाखवतोच असे नाही. पिवळ्या उंदरात विषमयुग्मजी डोळ्यांना वेगळा दिसतो, म्हणून गुणोत्तर मोडलेले जाणवते. विषमयुग्मजी अगदी सामान्य दिसत असेल, तर जिवंत पिल्ले सगळी सारखीच दिसतात, आणि खूण फक्त लहान वेताची उरते. मोजणी कधी केली यावरही उत्तर बदलते. एर्विन बाऊर यांनी अभ्यासलेल्या स्नॅपड्रॅगनच्या पिवळसर पानांच्या जातीत समयुग्मजी रोपे उगवतात, पण हरितद्रव्याविना लवकरच मरतात. उगवल्या उगवल्या मोजले तर १:२:१, काही दिवसांनी मोजले तर २:१. बाऊर यांच्या या निरीक्षणामुळेच कॅसल आणि लिटल यांना वाट सापडली.

दोन जनुकांच्या गणितात एकच चौकट खोडणे

सोळा चौकटींचा पनेट तक्ता काढून मुले शोधतात की दोन पिवळे अलील कुठे एकत्र आले, एक चौकट खोडतात आणि पंधरावर भागतात. खरे तर चार चौकटी जातात, कारण दुसरे जनुक कसेही असले तरी दोन पिवळे अलील असलेला गर्भ मरतो. छेद बारा होतो, सोळा नव्हे.

तक्ता न काढताही हे जमते. पिवळ्याचे जगलेल्यांतले प्रमाण २/३ आणि १/३, दुसऱ्या स्वतंत्र जनुकाचे नेहमीचे ३/४ आणि १/४, त्यांचा गुणाकार करा. दोन्ही लक्षणे वेगवेगळी ओळखता येत असतील तर ६:३:२:१ मिळते.

आता एक खरी गंमत. दुसरे जनुक अल्बिनोचे घ्या, दोन्ही पालक त्यासाठी विषमयुग्मजी. अल्बिनो पिल्लू पांढरेच दिसते, आत पिवळा अलील असो वा नसो. मग पिवळी ६, बिनपिवळी रंगीत ३, आणि पांढरी २ अधिक १ म्हणजे ३. गुणोत्तर २:१:१. हे १:२:१ सारखे दिसते, म्हणून कोणी "अपूर्ण प्रभाविता" असे लिहून मोकळे होते. ओळखायची खूण अशी: अपूर्ण प्रभावितेत एका टोकाच्या रंगाच्या दोन उंदरांची पिल्ले त्याच रंगाची होतात. इथे बिनपिवळ्या रंगीत उंदरांच्या आपसातल्या संकरात पांढरी पिल्लेही निघू शकतात.

२:१ पुढच्या पिढ्यांत टिकते असे मानणे

पहिल्या पिढीच्या जिवंत पिल्लांत दोन तृतीयांश पिवळी असतात. या सगळ्या पिल्लांना, पिवळ्या आणि बिनपिवळ्या, मोकळेपणाने आपसात मिसळू दिले तर पुढचे गुणोत्तर २:१ राहत नाही. जिवंत पिल्लांत पिवळ्या अलीलचे प्रमाण १/३, म्हणून विषमयुग्मजी ४/९, बिनपिवळी ४/९, आणि मेलेली १/९. जगलेल्यांत १:१. त्यापुढच्या पिढीत पिवळी दोन पंचमांश. अलीलचे प्रमाण १/२, १/३, १/४, १/५ असे घसरते, पण शून्याला पोहोचत नाही, कारण घातक प्रती बहुतेक विषमयुग्मजींत सुरक्षित बसलेल्या असतात आणि जितक्या दुर्मिळ होतात तितक्या एकमेकींना क्वचित भेटतात. गणितात "पिवळ्या-पिवळ्यांचाच संकर" असे स्पष्ट म्हटले असेल तर मात्र दर पिढीला २:१ च लिहा.