सही करण्याआधी रिपोर्टमधली क्रियापदं तपासा

अपघाताचा रिपोर्ट लिहायला बसण्याआधी एका कोऱ्या कागदावर नुसत्या वेळा मांडून घ्या: काय आधी झालं, काय नंतर. आमच्या रात्रपाळीत एकदा ऑपरेटर पंपाजवळ घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. कच्चा रिपोर्ट असा आला: ‘ऑपरेटर पंपाजवळ जातो. तेथे तेल सांडले. त्याचा पाय घसरतो व तो पडला होता. कपलिंगचा गार्ड काढलेला आहे.’ चार वाक्यांत चार काळ. तेल तो पोचण्याआधीच सांडलं होतं की तो तिथे असताना गळती झाली, हेच यातून कळत नाही, आणि कारण शोधायचं तर सगळं त्यावरच अडतं.

म्हणून आधी घटनेची मुख्य साखळी साध्या भूतकाळात लावा: गेला, घसरला, पडला. बोलताना आपण ‘जातो आणि बघतो तर काय’ असं रंगवून सांगतो, तीच सवय कागदावर उतरते. ती काढून टाका. साखळीच्या आधी घडलेल्या गोष्टीलाच ‘होते’ जोडा. प्रत्येक क्रियापदामागे ‘होता-होते’ लावलं तर आधी काय आणि नंतर काय, हा फरकच पुसला जातो. त्या क्षणी जे चालू होतं ते ‘पंप चालू होता’ असं लिहा. ‘आहे’ फक्त रिपोर्ट लिहिताना स्वतः पाहून खात्री केलेल्या गोष्टीला. ‘गार्ड काढलेला आहे’ याचा अर्थ तो आत्ताही उघडाच आहे, आणि तसं असेल तर पेन ठेवून आधी पंप बंद करायला हवा.

दुरुस्त रिपोर्ट असा झाला: ‘२.०० वाजता फिल्टर बदलताना जमिनीवर तेल सांडले होते. ते पुसले नव्हते. २.१५ वाजता ऑपरेटर पंपाजवळ गेला. त्याचा पाय तेलावरून घसरला व तो उजव्या हातावर पडला. त्या वेळी कपलिंगचा गार्ड काढलेला होता. तो २.४० वाजता परत बसवला.’

मग कर्ता तपासा. ‘व्हॉल्व्ह उघडला’ यात व्हॉल्व्ह आपोआप उघडला की कुणी उघडला? ‘फिटरने व्हॉल्व्ह उघडला’ लिहा. माहीत नसेल तर ‘व्हॉल्व्ह उघडा आढळला’ एवढंच. लिंगाची गल्लतही इथेच होते: ‘शिडी लावण्यात आले’ नव्हे, ‘लावण्यात आली’.

साक्षीदाराचं बोलणं मात्र सुधारू नका. तो ‘मी बघतो तर हा खाली’ म्हणाला असेल तर अवतरणचिन्हांत तसंच ठेवा.

उपायांच्या रकान्यात ‘करण्यात येत आहे’ दिसलं की थांबा. काम झालं असेल तर ‘केले’ आणि तारीख. व्हायचं असेल तर कोण, कधीपर्यंत ‘करेल’. शेवटी पेन्सिलीने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि शेजारी पहिल्या कागदावरची वेळ लिहा. ज्या क्रियापदाला वेळ सापडत नाही, त्यासाठी पुन्हा जागेवर जाऊन विचारून या.