मोठे बाबा गेले, आणि ऑफिसला वाटलं बाबा गेले: साहेबांना सुटीचा मेसेज करताना या चुका टाळा

घरात माणूस गेल्यावर साहेबांना पाठवायचा मेसेज चार ओळींचा असतो. तो आपण लिहितो दवाखान्याच्या पायरीवर बसून, नाहीतर नातेवाइकांचे फोन घेता घेता. म्हणून चुका होतात आणि त्या नंतर निस्तराव्या लागतात. माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो, कारण ती नागपुरात कुणाच्याही हातून होऊ शकते.

माझे मोठे बाबा सोमवारी रात्री साडेदहाला गेले. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, हे आपल्या विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. मी मिहानमधल्या एका कंपनीत होतो आणि माझे मॅनेजर दक्षिणेकडचे होते. मंगळवारी सकाळी मी त्यांना इंग्रजीत लिहिलं आणि घाईत ‘मोठे’ हा शब्द गळला. त्यांनी वाचलं की माझे वडील गेले. टीमच्या ग्रुपवर तसा निरोप गेला. दुपारी ऑफिसातले चौघं हार घेऊन मानेवाडा घाटावर आले, आणि समोर माझे बाबा भावाच्या तिरडीजवळ बसलेले. त्या चौघांना काय बोलावं कळेना. बाबांना कळलं की लोक त्यांच्यासाठी हार घेऊन आलेत. ते मला काही बोलले नाहीत, पण तो क्षण मी विसरलेलो नाही.

त्रास तिथे संपला नाही. एचआरने सुटीच्या नोंदीत ‘वडिलांचे निधन’ लिहिलं होतं. आठवड्याने गटविम्यातून वडिलांचं नाव कमी करायचा फॉर्म मला आला. तो थांबवायला तीन मेल लागले.

नातं उलगडून लिहा

‘मोठे बाबा’, ‘मोठी आई’, ‘आबाजी’ हे घरातले शब्द घरात ठेवा. मेसेजमध्ये ‘माझ्या वडिलांचे थोरले बंधू’, ‘आईची आई’, ‘पत्नीचे वडील’ असं लिहा. साहेब हिंदी भाषक असतील तर ‘ताऊजी’ लिहा; ‘बड़े पापा’ लिहिलं तर तोच घोळ होतो. इंग्रजीत ‘अंकल’ एवढंच लिहिलं तरी पुरत नाही, कारण शेजारचे काकाही अंकलच असतात.

नातं स्पष्ट लिहिण्याचं दुसरं कारण सुटीच्या हिशोबाचं आहे. खासगी नोकरीत निधनासाठी वेगळी सुटी दिलीच पाहिजे असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. ज्या कंपन्या देतात त्या बहुतेक आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भाऊ-बहीण एवढ्यांसाठी देतात. काका, मामा त्यात बसतीलच असं नाही. तेव्हा हक्काच्या रजेतून दिवस काढावे लागतात. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांना महाराष्ट्राचा 2017 चा कायदा लागू होतो; 2025 च्या बदलाआधी ही मर्यादा दहा होती. त्यात वर्षाला 8 दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे, पण ती दर तिमाहीला थोडी थोडी जमा होते. म्हणून फेब्रुवारीत आठही दिवस खात्यात दिसणार नाहीत. ‘काका’ लिहिलं तर सुटी मिळणार नाही म्हणून ‘वडील’ लिहायचा मोह कुणी धरू नये. असं लिहिलेलं सहकाऱ्यांच्या सांत्वनातून, घाटावरून, विम्यातून परत समोर येतं.

दिवस मोजून सांगा

‘काही दिवस येऊ शकणार नाही’ या वाक्यावर साहेबांना काहीच ठरवता येत नाही. मग ते तिसऱ्या दिवशी फोन करतात आणि आपल्याला वाटतं, यांना माणुसकीच नाही. याच्या उलट चूक म्हणजे ‘तेरवीपर्यंत सुटी हवी’ असं लिहून 13 दिवस मागणं. घरात आई-वडील गेले असतील आणि दहा दिवस सुतक पाळून क्रियेला बसायचं असेल, तर तेवढे मागा, त्यात गैर काही नाही. पण पुतण्याला बहुतेक वेळा सलग तेवढी सुटी लागत नाही.

आमचा हिशोब असा होता. सोमवार पहिला दिवस धरला तर बुधवार तिसरा, म्हणजे राख सावडायचा. पुढच्या आठवड्यातला बुधवार दहावा, त्या दिवशी रामटेकला अंबाळा तलावावर दशक्रिया. शनिवारी तेरवी, आणि शनिवारी आम्हाला सुटीच असायची. मंगळवार ते गुरुवार तीन दिवस आणि पुढचा बुधवार एक, अशा चारच सुट्या लागल्या. काही घरी दिवस अग्नी दिल्यापासून मोजतात, म्हणून तारखा लिहिण्याआधी गुरुजींना किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा दिवस कुटुंब ठरवतं. तो ठरला नसेल तर ‘एका दिवसाची तारीख नंतर कळवतो’ असं लिहिलं तरी चालतं.

मेसेजमध्ये काय असावं

मी पाठवायला हवा होता तो मेसेज हा:

> आदरणीय सर,
> माझ्या वडिलांचे थोरले बंधू यांचे काल रात्री निधन झाले. आज दुपारी नागपुरातच अंत्यसंस्कार आहेत. मी आज मंगळवार ते गुरुवार सुटीवर आहे, शुक्रवारी येईन. पुढच्या बुधवारी दशक्रियेसाठी एक दिवस लागेल. आजच्या बिलांचं काम सहकाऱ्याला सांगितलं आहे. फोन उचलता आला नाही तर मेसेज करावा, संध्याकाळी पाहीन.

यात ‘सुटी मिळेल का’ असा प्रश्न नाही. अंत्यसंस्काराला जायचंच असतं, म्हणून ते कळवायचं. रजेचा प्रकार आणि पोर्टलवरचा अर्ज परत आल्यावर साहेबांशी बोलून भरता येतो. आजार किती दिवस होता, डॉक्टर काय म्हणाले, कोणत्या दवाखान्यात ठेवलं होतं, हेही यात नाही. साहेब भेटायला येतील तेव्हा ते सांगता येतं.

शब्दांचं म्हणाल तर बोलताना आपण ‘ऑफ झाले’, ‘एक्सपायर झाले’ म्हणतो. लिहिताना ‘निधन झाले’ एवढंच पुरतं. ‘माझे कै. काका वारले’ असं लिहू नका. जो वारला हे आपण आत्ता सांगतोय, त्याच्या नावामागे कै. लावायची वेळ नंतर येते. आणि निधनाचं फोटो-फुलांचं कार्ड नुसतं फॉरवर्ड करू नका. त्यात गेलेल्याचं नाव असतं, पण ते तुमचे कोण आणि तुम्ही केव्हा येणार हे साहेबांना त्यातून कळत नाही.

मृत्यू प्रमाणपत्राची घाई

काही ठिकाणी एचआर प्रमाणपत्र मागतं. ‘दोन दिवसांत देतो’ असं मेसेजमध्ये कबूल करू नका. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि दाखला त्यानंतर हाती येतो. दहनाच्या वेळी घाटावर मिळणारी पावती जपून ठेवा आणि ‘दाखला मिळताच देतो’ एवढंच लिहा. काकांचा दाखला त्यांची मुलं काढणार असतील तर त्यांच्याकडून एक प्रत मागून घ्या.

चूक झालीच तर

नातं चुकीचं पोचलंय असं लक्षात आलं तर घाटावरूनच एक ओळ पाठवा: ‘सर, वडील सुखरूप आहेत, त्यांच्या मोठ्या भावाचे निधन झाले आहे. कृपया ग्रुपवर आणि एचआरला हे कळवावे.’ दुसरं वाक्य विसरू नका. मी फक्त साहेबांना सांगितलं होतं, म्हणून तो विम्याचा फॉर्म आला.