माइलस्टोन ट्रेंड चार्ट : तिरकी रेघ काढली नाही म्हणून माझे पाच आठवडे गेले

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगला लागलो, तेव्हा बार चार्ट, क्रिटिकल पाथ, बेसलाइन हे सगळं मला येत होतं. तुम्हालाही येत असेलच, म्हणून त्यात जात नाही. माइलस्टोन ट्रेंड चार्टही दिसायला सोपा आहे. आडव्या अक्षावर रिपोर्टची तारीख, उभ्या अक्षावर त्या दिवशी सांगितलेली अंदाजित तारीख. दर सोमवारी प्रत्येक माइलस्टोनचा एक ठिपका टाकायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा. रेघ आडवी असेल तर तारीख जागेवर आहे, वर चढली तर काम लांबतंय, खाली आली तर लवकर होतंय. एवढं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि तरीही मी फसलो.

काम एका रिफायनरीच्या व्हेसलचं होतं. 7 जानेवारी 2019 च्या सोमवारी पहिला रिपोर्ट गेला. त्यात प्लेट कारखान्यात येण्याची तारीख 25 फेब्रुवारी, हायड्रोटेस्ट 22 एप्रिल आणि डिस्पॅच 6 मे. म्हणजे प्लेट आल्यापासून हायड्रोटेस्टपर्यंत आठ आठवडे. कटिंग, रोलिंग, सीमचं वेल्डिंग, रेडिओग्राफी, हीट ट्रीटमेंट हे सगळं त्या आठ आठवड्यांत बसायचं होतं. आठ आठवडे काही ऐसपैस नव्हते.

14 जानेवारीचा सोमवार उत्तरायणाचा. बडोद्यात त्या दिवशी गच्चीवर नसलेला माणूस आजारी तरी असतो किंवा परगावचा. रिपोर्ट गेला नाही. 21 ला प्लेटची तारीख तीच होती, 25 फेब्रुवारी. पुढे 28 जानेवारीला ती 4 मार्च झाली, 4 फेब्रुवारीला 11 मार्च, 11 फेब्रुवारीला 18 मार्च, 18 फेब्रुवारीला 25 मार्च. पर्चेसमधला भाई दर सोमवारी शांतपणे सांगायचा, “मिलवाले म्हणतात एक आठवडा इकडे-तिकडे, पण थई जशे, होऊन जाईल.” मी नवी तारीख टाकायचो, एक्सेल रेघ पुढे ओढायचं, आणि मीटिंगमध्ये स्क्रीनवर एक सौम्य चढण दिसायची. गाडी चढतेय हे कळूही नये अशी.

आता खड्डा कुठे होता ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण हेच तर सांगायला बसलोय.

माझा चार्ट एक्सेलचा साधा लाइन चार्ट होता, स्लाइडभर आडवा पसरलेला. आडव्या अक्षावर सहा आठवडे साधारण 18 सेंटिमीटरमध्ये, म्हणजे एका आठवड्याला 3 सेंटिमीटर. उभ्या अक्षावर एक्सेलने स्वतःच्या मनाने वीस आठवडे 8 सेंटिमीटरमध्ये कोंबले होते, म्हणजे एका आठवड्याला 4 मिलिमीटर. दर आठवड्याला एक आठवडा घसरणारी तारीख अशा चार्टवर जेमतेम आठ अंशांनी चढते. दोन्ही अक्षांचं माप सारखं असतं तर तीच रेघ 45 अंशांनी चढली असती. भर म्हणजे आडव्या अक्षावरच्या रिपोर्टच्या तारखा मी मध्ये टिंबं देऊन लिहायचो. माझ्या एक्सेलला त्या तारखा वाटतच नव्हत्या, नुसता मजकूर वाटायचा. त्यामुळे 7 आणि 21 जानेवारी शेजारी शेजारी बसले आणि मधला उत्तरायणाचा आठवडा चार्टवरून गायबच झाला.

पण अंश किती दिसले हा खरा मुद्दा नाही. दोन्ही अक्षांचं माप सारखं ठेवायचं ते 45 अंशांची तिरकी रेघ काढता यावी म्हणून. त्या रेघेवरच्या प्रत्येक बिंदूला रिपोर्टची तारीख आणि अंदाजित तारीख एकच असते, म्हणजे ती रेघ म्हणजे ‘आज’. माइलस्टोनची रेघ तिला टेकली की काम झालं. टेकेपर्यंत त्या दोघींमधलं उभं अंतर म्हणजे उरलेले दिवस. आता वरच्या तारखा पुन्हा बघा आणि प्रत्येकीतून रिपोर्टची तारीख वजा करा. 21 जानेवारी ते 25 फेब्रुवारी, 35 दिवस. 28 जानेवारी ते 4 मार्च, 35. 4 फेब्रुवारी ते 11 मार्च, 35. 18 फेब्रुवारीलाही 35. चार आठवडे उलटले आणि काम एका दिवसानेही जवळ आलं नव्हतं. माझी रेघ तिरक्या रेघेला समांतर पळत होती. समांतर रेघा भेटत नाहीत हे सातवीत शिकलो होतो, ते मीटिंगमध्ये आठवलं नाही इतकंच.

समांतर रेघ आणि नुसती चढणारी रेघ यांत फरक आहे, आणि नवा माणूस इथेच गोंधळतो. आठवड्याला तीन दिवसांनी चढणारी रेघ म्हणजे काम चालू आहे, पण हळू. ती उशिरा का होईना तिरक्या रेघेला गाठते. समांतर रेघ म्हणजे काम सुरूच झालेलं नाही. कोणीतरी दर वेळी ‘आजपासून इतके दिवस’ असं सांगतोय आणि तो ‘आज’ रोज पुढे सरकतोय. अशा वेळी ‘उशीर का होतोय’ असं विचारलं तर उत्तर ‘थई जशे’ असंच मिळतं. विचारायचं असतं ते, ‘हे 35 दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे?’

मला हे कळलं ते काही हुशारीने नाही. 24 फेब्रुवारीच्या रविवारी लॅपटॉप ऑफिसात राहिला होता. सोमवारची तयारी म्हणून दांडिया बाजारातल्या घरी मी रावपुऱ्यातून आणलेल्या ग्राफ पेपरवर पेन्सिलीने ठिपके टाकत बसलो. ग्राफ पेपरवर दोन्हीकडे एक चौकोन म्हणजे एक आठवडा हे आपोआपच होतं. कोपऱ्यातून फुटपट्टीने तिरकी रेघ ओढली आणि चहा गार झाला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : पहिला ट्रेंड चार्ट प्रत्येकाने हातानेच काढावा. इंटरनेटवरचे तयार टेम्प्लेट उतरवून घेणाऱ्यांना मी हल्ली काही सांगत नाही, फक्त त्यांची तिरकी रेघ कुठे आहे ते विचारतो.

दुसऱ्या दिवशी, 25 ला, तारीख अपेक्षेप्रमाणे 1 एप्रिल झाली. पुन्हा 35. मग मी तो प्रश्न विचारला आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. ग्राहकाने जानेवारीत प्लेटला कमी तापमानाची इम्पॅक्ट टेस्ट वाढवून मागितली होती. सुधारित ऑर्डर किमतीच्या फरकावर सही नाही म्हणून आमच्याच टेबलावर पडून होती. मिलचे पाच आठवडे ती ऑर्डर हातात पडल्यावर सुरू होणार होते. भाई खोटं बोलत नव्हता. मिल सांगेल ते तो पुढे सांगत होता. ऑर्डर 27 ला गेली. 4 मार्चच्या रिपोर्टमध्ये प्लेटची तारीख 3 एप्रिल आली आणि मग रेघ आडवी राहिली. प्लेट 5 एप्रिलला आली.

त्याच ग्राफ पेपरवर दुसरी एक गोष्ट होती, आणि ती जास्त लाजिरवाणी होती. प्लेटची रेघ चढत होती, पण हायड्रोटेस्टची 22 एप्रिललाच सपाट. 18 फेब्रुवारीला दोघींत फक्त चार आठवडे उरले होते. आठ आठवड्यांचं फॅब्रिकेशन चारमध्ये होणार असं कागद म्हणत होता, आणि ते म्हणायला कोणी सांगितलं? मीच. शॉपच्या फोरमनला मी विचारलंच नव्हतं, जुनीच तारीख पुढे चालवली होती. आधीच्या टप्प्याची रेघ चढतेय आणि नंतरची सपाट आहे असं दिसलं तर नंतरची तारीख कोणी तपासलेली नाही, असं समजा. फोरमनशी बसलो तेव्हा 4 मार्चला ती 29 मेवर गेली, एका दमात 37 दिवस. मीटिंगमध्ये काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. हायड्रोटेस्ट शेवटी 27 मेला झाली आणि डिस्पॅच 14 जूनला.

एक्सेलमध्ये करायचं तर चार्ट Scatter निवडा, रेघा जोडलेला. Format Axis मध्ये दोन्ही अक्षांना Minimum आणि Maximum सारखेच द्या. माझ्या या कामाला 7 जानेवारी ते 24 जून 2019 म्हणजे 43472 ते 43640 असे आकडे लागले, आणि Major 14, म्हणजे दोन आठवड्यांचा एक चौकोन. प्लॉटची चौकट ओढून चौरस करा, नाहीतर सगळं पाण्यात. तिरक्या रेघेसाठी दोनच ठिपक्यांची वेगळी मालिका घाला, पहिल्यात दोन्ही आकडे 43472, दुसऱ्यात दोन्ही 43640. अजून न आलेल्या सोमवारांच्या घरात हे ठेवा, म्हणजे ठिपका शून्यावर पडत नाही :

```
=NA()
```

आणि शेजारी उरलेल्या दिवसांचा एक रकाना, A मध्ये रिपोर्टची तारीख आणि C मध्ये अंदाज धरून :

```
=C5-$A5
```

हा रकाना तीन आठवडे एकच आकडा दाखवत असेल तर चार्ट उघडायचीही गरज नाही. काम पूर्ण झालं की शेवटचा ठिपका सोमवारी टाकू नका. ज्या दिवशी झालं ती तारीख दोन्हीकडे द्या, म्हणजे रेघ तिरक्या रेघेवर बरोबर टेकते.

जुनी तारीख पुसून त्याच घरात नवी टाकू नका, हे सांगायलाच नको असं वाटतं, पण दर वर्षी कोणीतरी टाकतंच. प्रत्येक सोमवारची स्वतंत्र ओळ हवी. ग्राहकाने मुदत वाढवून दिली तरी चार्ट नव्याने सुरू करायचा नाही. त्या दिवशी उभी तुटक रेघ मारायची आणि पुढे चालायचं. माझे एक वरिष्ठ म्हणायचे की तारखा कशाला, टक्केवारी बघ. टक्केवारीचं काय सांगू, आमची प्लेट महिनाभर ‘80 टक्के प्रोक्युअर’ झालेली होती.

माइलस्टोन सहा-सातच्या वर घेऊ नका, रेघांचा गुंता होतो. आणि घाबरूही नका. पहिले एक-दोन ठिपके काहीच सांगत नाहीत, एखादी तारीख एकदा सरकली म्हणून कोणाला धारेवर धरायचं नसतं. रेघ वर-खाली नाचत असेल तर तारीख सांगणाऱ्याला स्वतःलाच अंदाज नाही, त्याला आधी काम छोट्या तुकड्यांत मोजायला सांगा. मी स्वतः सर्वांत जास्त घाबरतो ते शेवटपर्यंत सपाट राहिलेल्या आणि तिरकी रेघ दोन आठवड्यांवर आली असताना एकदम उसळणाऱ्या रेघेला. ती चार्टवर आधी पकडता येत नाही, कारण चार्ट फक्त सांगितलेली तारीख दाखवतो. त्यासाठी शॉपमध्ये जाऊन किती सीम खरंच वेल्ड झाल्या ते मोजावं लागतं. मी सोमवारी मीटिंगच्या आधी सकाळी साडेआठला खडू घेऊन जातो. फोरमनला ते आवडत नाही.