बिटकॉइनच्या वीकली चार्टवर कप अँड हँडल बघताय? या चुका टाळा

कप अँड हँडल म्हणजे भाव वाटीसारखा खाली जाऊन परत जुन्या टॉपला येतो तो कप, आणि वर फुटायच्या आधी पुन्हा थोडा घसरतो ते हँडल. उदाहरण एकच घेतो, बिटकॉइनचं 2021 ते 2025. नोव्हेंबर 2021 ला 69 हजार डॉलरचा टॉप, मग बरोब्बर वर्षभर घसरत साडेपंधरा हजार, आणि मार्च 2024 मधे परत वर येऊन साधारण 73,800. म्हणजे नुसता कप भरायलाच 28 महिने गेले. शेअरच्या पुस्तकांत कप 7 ते 65 आठवड्यांचा सांगतात, तो हिशोब इथे लावलात की पहिली चूक तिथेच.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या पैशाने शिकलेलो. कप भरला म्हणून लोक लगेच घुसतात, पण हँडल बनायचं असतं ना अजून! हे हँडल मार्च ते नोव्हेंबर 2024, जवळपास आठ महिने चाललं, मधे 5 ऑगस्टला भाव 49 हजारांपर्यंत खाली. तेव्हा सगळे म्हणाले पॅटर्न मेला. तर चेक असा करायचा: कपचा मधला भाव काढा, 69 आणि 15.5 ची सरासरी, म्हणजे साधारण 42 हजार. हँडल त्याच्या वर थांबलं तर पॅटर्न जिवंत, वीकली क्लोज, म्हणजे आठवडा संपतानाचा भाव, खाली गेला तर विसरून जा.

मी कुठे फसलो? 29 ऑक्टोबर 2024, भाव 73 हजारांच्या वर गेला, भाव जुना टॉप फोडून वर निघाला, म्हणजे ब्रेकआउट झाला, असं समजून मी बिटकॉइन घेतलं आणि रविवार येईपर्यंत तो 69 हजारांच्या आसपास. कँडल, म्हणजे चार्टवरची त्या आठवड्याची पट्टी, बंदच झाली नव्हती हो! वीकली कँडल आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला बंद होते, त्याआधी दिसतं ते नुसतं अर्धवट चित्र. खरा क्लोज पुढच्याच आठवड्यात आला, अमेरिकेची निवडणूक झाली त्या आठवड्यात, 80 हजारांच्या आसपास.

आता टार्गेट. कपची खोली 53,500, ती 69 हजारांत मिळवली की 1,22,500. डिसेंबरमधे लाख पार झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं आलंच आता, पण एप्रिल 2025 मधे भाव परत 75 हजारांच्या खाली, म्हणजे जिथून फुटला तिथेच येऊन टेकला. ज्यांनी लेव्हरेज, म्हणजे उधारीवर मोठे सौदे, घेतले होते ते तिथे साफ झाले, स्वतःच्या पैशाने घेतलेले स्पॉटवाले कंटाळून विकून मोकळे. टार्गेट जुलै 2025 ला लागलं, ब्रेकआउटनंतर आठ महिन्यांनी. म्हणजे पहिल्या टॉपपासून धरलं तर पावणेचार वर्षं, आणि लोक पुढच्या महिन्याचा ईएमआय यातून काढायला बघतात 😅

शेवटची एक चूक, लॉग चार्टवाली, जिथे अंतर डॉलरमधे नाही तर पटीत मोजतात. 69 भागिले 15.5, म्हणजे साडेचार पट, ते 69 हजारांना लावून काही जण तीन लाखांचं टार्गेट फिरवत होते. पण 2025 चा टॉप ऑक्टोबरात लागला, सव्वा लाखाच्या जरासा वर.