बाबांचं विमानाचं तिकीट वेगळं काढा

नागपूरहून दिल्लीला जायचं होतं: मी, बायको आणि ६३ वर्षांचे बाबा. तिघांचं तिकीट एकत्र काढायला गेलो तर ज्येष्ठांची सवलत घेता येईना, कारण एका बुकिंगवर एकच विशेष भाडं लागतं आणि त्यातले सगळेच प्रवासी त्यात बसावे लागतात. मग असं केलं:

१. आधी बाबांचं एकट्याचं तिकीट शोधलं. ‘ज्येष्ठ नागरिक’ हा पर्याय फ्लाइट शोधण्याआधीच निवडायचा.

२. शेवटची रक्कम साध्या भाड्याशी ताडून पाहिली. सवलत बहुधा मूळ भाड्यावरच असते, करांवर नाही, त्यामुळे कधी कधी फरक नावापुरताच निघतो. तसं असेल तर एकत्रच काढा, म्हाताऱ्या माणसाला वेगळं कशाला बसवायचं?

३. फरक बरा दिसला, म्हणून त्याच विमानाचं आमचं दोघांचं तिकीट लगेच वेगळं काढलं.

आता कागद. एसटीचं अर्धं तिकीट ६५ला, इथं साधारण ६० पूर्ण लागतात. आपल्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्यांच्या आधारवर नुसतं जन्मवर्ष असतं. साठी याच वर्षी भरत असेल तर त्यावरून वय सिद्ध होत नाही. पूर्ण जन्मतारखेचं ओळखपत्र न्या. मूळ कागद काउंटरवर दाखवता आला नाही, तर भाड्यातला फरक भरावा लागतो किंवा विमानात बसूच देत नाहीत.