पत्रक भाषांतराला देण्याआधी

बांधकामावरच्या कुटुंबांसाठी मराठीत लिहिलेलं ओआरएसचं पत्रक हिंदी आणि तेलुगूत जायचं होतं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "बाळाला जुलाब लागल्यास हातपाय न गाळता एक लिटर पाण्यात पाकीट टाकून ते ढवळून थोडं थोडं पाजत राहावं व डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं."

आधी क्रियापदं मोजा. इथे "न गाळता", "टाकून", "ढवळून" अशी साखळी आहे. मराठीत ती सहज चालते, पण भाषांतर करताना तिच्यातला एखादा दुवा निसटतो. म्हणून एका वाक्यात एकच कृती ठेवा आणि कृती घडतात त्याच क्रमाने लिहा. मग "ते" कशासाठी आलंय ते पाहा. पाकीट की पाणी? बाळही मराठीत "ते"च! सर्वनाम काढा आणि नाम पुन्हा लिहा. मराठीत तीच तीच नामं कानाला खटकतात, पण इथे खटकू द्या.

त्यानंतर वाक्प्रचार शोधा. लिहिणाऱ्याला ते दिसत नाहीत, म्हणून पत्रक मोठ्याने वाचा आणि प्रत्येक अवयवाच्या नावावर थांबा. "डोळ्यात तेल घालून" हे आरोग्याच्या पत्रकात तर धोक्याचंच, कारण ते शब्दशः उतरलं तर एखादी आई खरंच तेल घालेल. त्याऐवजी दुसरा वाक्प्रचार नको. कशावर लक्ष ठेवायचं आणि दवाखान्यात केव्हा जायचं ते लिहा: डोळे खोल जाणं, बाळ सुस्त पडणं, पाणी पिता न येणं, शौचातून रक्त पडणं.

सारखे दिसणारे शब्द वेगळे काढा. मराठीत "जुलाब" हा आजार, हिंदीत "जुलाब" म्हणजे पोट साफ करायचं औषध. भाषांतरकारासाठी समासात टीप द्या: "जुलाब म्हणजे पातळ शौच, हिंदीत दस्त." "परवा" दिसला की तारीख घाला, कारण तो मागचाही असतो आणि पुढचाही.

आता मजकुराची सुरुवात अशी होते: "बाळाला पातळ शौच होत असेल, तर पुढच्या गोष्टी करा. एक लिटर स्वच्छ पाणी घ्या. एक लिटरसाठीचं ओआरएसचं पूर्ण पाकीट पाण्यात टाका. पाणी ढवळा. हे पाणी बाळाला चमच्याने पाजा. उरलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या."

वाक्यं तोडताना "कारण" आणि "तर" मात्र जपा. "पाकीट अर्धं वापरू नका. प्रमाण बिघडतं." यात दुसरं वाक्य कशाला आलं ते कळत नाही. "अर्धं पाकीट वापरू नका, कारण मिठाचं प्रमाण बिघडतं" हे थोडं लांब आहे, तरी तेच ठेवा.

शेवटी भाषांतर आलं की मूळ पत्रक न पाहिलेल्या माणसाकडून ते परत मराठीत सांगून घ्या. किती पाणी, किती पाकिटं आणि दवाखान्यात केव्हा जायचं, ही तीन उत्तरं मुळाशी जुळली नाहीत, तर आधी मराठी वाक्य पुन्हा तपासा.