आलेखावरून सरासरी आणि आरएमएस काढताय? या चुका टाळा

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासताना एक गोष्ट लक्षात येते. आरएमएसचं उत्तर चुकलेलं असलं तरी ते वाटेल तसं चुकलेलं नसतं. एकाच गणिताला तीस मुलांनी तीस वेगळी चुकीची उत्तरं दिलीत, असं होत नाही. पाच-सहा आकडे पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक आकड्यामागे एक ठरावीक चूक असते. म्हणून इथे एकच आलेख घेऊ, त्याचं बरोबर उत्तर काढू आणि मग कुठला चुकीचा आकडा कशामुळे येतो ते पाहू. तुमचं उत्तर जुळत नसेल तर पायऱ्या तपासण्याआधी तुमचा आकडा खाली सापडतो का, ते बघा.

आलेख असा आहे. आडव्या अक्षावर वेळ मिलिसेकंदात, उभ्या अक्षावर प्रवाह अँपिअरमध्ये. शून्य ते ३ मिलिसेकंदात प्रवाह २ अँपिअरपासून सरळ रेषेत ८ अँपिअरपर्यंत चढतो. तिथून एकदम खाली येऊन ३ ते ५ मिलिसेकंद तो उणे ४ अँपिअरवर सपाट राहतो. ५ ते ८ मिलिसेकंद शून्य. आठव्या मिलिसेकंदाला पुन्हा २ अँपिअरपासून तीच चढण सुरू. कागदावर काढून समोर ठेवा, पुढचं वाचायला सोपं जाईल.

आधी सरासरी

सरासरी म्हणजे एका आवर्तनातलं क्षेत्रफळ भागिले आवर्तकाल. चढणीखालचा आकार समलंब चौकोन आहे: बाजू २ आणि ८, रुंदी ३, म्हणून क्षेत्रफळ १५. उणे भागाचं क्षेत्रफळ उणे ८. शून्याच्या भागाचं शून्य. बेरीज ७, आवर्तकाल ८, म्हणून सरासरी ०.८७५ अँपिअर.

इथे दोनच चुका होतात. उत्तर १.४ आलं असेल तर तुम्ही ७ ला ५ ने भागलंय. प्रवाह नसलेली शेवटची तीन मिलिसेकंदं वगळलीत. प्रवाह शून्य असला तरी घड्याळ थांबलेलं नाही. ते तीन मिलिसेकंद आवर्तकालातच धरायचे.

उत्तर २.८७५ आलं असेल तर उणे चिन्ह सोडून १५ आणि ८ यांची बेरीज केलीत. या चुकीत थोडा दोष शिकवण्याचाही आहे. साईन वेव्हची सरासरी शिकवताना पूर्ण आवर्तनाची सरासरी शून्य येते म्हणून अर्ध्या आवर्तनाचीच घ्या, असं सांगितलं जातं. ते फक्त वरचा आणि खालचा भाग तंतोतंत सारखा असतो तेव्हाच. आपल्या आलेखात दोन्ही भाग वेगळे आहेत, तेव्हा पूर्ण आवर्तन चिन्हासकट घ्यायचं. २.८७५ हा आकडा मात्र टाकून देऊ नका. ती रेक्टिफाय केलेल्या प्रवाहाची सरासरी आहे आणि मीटरपाशी ती पुन्हा लागणार आहे.

आरएमएस: आधी वर्ग, मग सरासरी, शेवटी मूळ

हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. चूक होते ती चढणीच्या भागात, कारण तिथे प्रवाहाचा एकच आकडा नसतो. सपाट भागाचं काम सोपं: ४ चा वर्ग १६, गुणिले २ मिलिसेकंद, ३२. चढणीसाठी, रेषा a पासून b पर्यंत जात असेल तर वर्गाची सरासरी अशी येते:

```
(a² + ab + b²) / 3
```

इथे (४ + १६ + ६४) ÷ ३, म्हणजे २८. गुणिले ३ मिलिसेकंद, ८४. एकूण ८४ + ३२ = ११६. भागिले ८, १४.५. वर्गमूळ ३.८१ अँपिअर. हे बरोबर उत्तर.

आता चुकीची उत्तरं. ३.६६ हा सगळ्यात जास्त दिसणारा आकडा. चढणीची सरासरी ५ अँपिअर, तिचा वर्ग २५, गुणिले ३, ७५, असा हिशोब केला की तो येतो. इथे आधी सरासरी झाली, मग वर्ग. उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ येतं की शंकाच येत नाही, म्हणून ही चूक सगळ्यात लबाड. वर्ग करताना मोठे आकडे जास्त वजनदार होतात: २ चे ४ होतात, पण ८ चे ६४. म्हणून वर्गाची सरासरी ही सरासरीच्या वर्गापेक्षा नेहमी मोठीच असते. दोन्ही सारखी येतात ती फक्त भाग सपाट असेल तर.

४.०९ येतं ते उलट दिशेने चुकल्यावर. वर्गाचा नवा आलेख काढायला सांगितला की मुलं ४ आणि ६४ हे दोन बिंदू घेऊन पट्टीने जोडतात. मग त्या खालचा समलंब चौकोन: सरासरी ३४, गुणिले ३, १०२. पण सरळ रेषेचा वर्ग सरळ राहत नाही, तो पॅराबोला होतो आणि खाली झुकलेला असतो. दीड मिलिसेकंदाला प्रवाह ५, म्हणजे वर्गाच्या आलेखावर २५ हवेत. पट्टीने काढलेली रेषा तिथे ३४ दाखवते. मधला एक बिंदू मांडला की ही चूक लगेच कळते.

३.१६ आलं असेल तर तुम्ही खरंतर हुशारीने चुकला आहात. चढणीचे दोन तुकडे केलेत: खाली २ अँपिअरचा सपाट थर, त्यावर शून्य ते ६ चा त्रिकोण. थराचा वर्ग ४. त्रिकोणाच्या वर्गाची सरासरी ३६ ÷ ३ = १२. बेरीज १६, आणि खरं उत्तर २८. मधले १२ कुठे गेले? (p + q) चा वर्ग करताना 2pq हे पद राहून गेलं. २ × २ × त्रिकोणाची सरासरी ३ = १२. आरएमएसचे वर्ग करून थेट बेरीज चालते, पण त्यासाठी दोन भागांच्या गुणाकाराची सरासरी शून्य असावी लागते. पूर्ण सरासरी आणि तिच्याभोवतीची चढउतार यांच्यात तसं असतं. वेगवेगळ्या हार्मोनिकांच्या प्रवाहांमध्येही तसं असतं. थर आणि त्रिकोण यांच्यात नसतं, कारण त्रिकोण सगळाच एका बाजूला आहे.

बाकीचे आकडे पटकन पाहू. ४.८२ म्हणजे पुन्हा ८ ऐवजी ५ ने भागलंत. २.५५ म्हणजे उणे भागाचा वर्गही उणे धरून ८४ मधून ३२ वजा केलेत. वर्ग करूनही चिन्ह हातात घट्ट धरून ठेवणारी मुलं दरवर्षी भेटतात. ५.६६ म्हणजे ८ ला √२ ने भागलंत. तो भागाकार साईन वेव्हचा आहे, या आलेखाशी त्याचा संबंध नाही. २.९८ म्हणजे प्रत्येक भागाचा आरएमएस वेगळा काढून (५.२९ आणि ४) त्यांची वेळेनुसार सरासरी घेतलीत. वर्गमूळ एकदाच, अगदी शेवटी.

आलेख वक्र असेल तेव्हा

रेषा सरळ नसेल तर वरचं सूत्र चालत नाही. मग आवर्तनाच्या समान रुंदीच्या उभ्या पट्ट्या पाडायच्या आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावरची उंची वाचायची. पद्धत किती खरी उतरते ते आपल्याच आलेखावर पाहू, कारण त्याचं उत्तर माहीत आहे. एक मिलिसेकंदाच्या आठ पट्ट्या घेतल्या तर मध्यावरच्या उंच्या ३, ५, ७, उणे ४, उणे ४, ०, ०, ० येतात. बेरीज ७, सरासरी ०.८७५, तंतोतंत. वर्गांची बेरीज ९ + २५ + ४९ + १६ + १६ = ११५, भागिले ८, मूळ ३.७९. खरं ३.८१. एका अँपिअर-वर्गाची तूट आली, कारण प्रत्येक तिरप्या पट्टीच्या आत प्रवाह बदलतोय आणि आपण तो सपाट धरलाय. पट्ट्या बारीक केल्या की तूट कमी होते.

उंची पट्टीच्या कडेवर वाचू नका. तिसऱ्या मिलिसेकंदाला प्रवाह ८ लिहायचा की उणे ४? उडीच्या जागी याला उत्तर नाही. शिवाय कडा नऊ आणि पट्ट्या आठ, म्हणून नऊ उंच्या मिळवून आठने भागण्याची चूक हमखास होते. उडी पट्टीच्या मधोमध येईल अशा पट्ट्याही पाडू नका. उडीच्या जागी पट्टीची कड आली पाहिजे.

उत्तर आल्यावर दोन गोष्टी बघा. आरएमएस हा रेक्टिफाय केलेल्या सरासरीपेक्षा (२.८७५) लहान येता कामा नये आणि शिखरापेक्षा (८) मोठा येता कामा नये. २.५५ एवढ्यावरच पकडलं जातं. ३.६६ मात्र यातून निसटतं, म्हणून चढणीचा भाग वेगळा तपासायचाच.

गणित बरोबर, मीटर काही वेगळंच सांगतोय

प्रयोगशाळेत याच आकाराचा प्रवाह घेतला तर तीन मीटर तीन आकडे दाखवतील आणि तिघेही खरे बोलत असतील. डीसी मोजणारा साधा मूव्हिंग कॉइल मीटर ०.८७५ दाखवेल. रेक्टिफायर लावलेला एसीचा मूव्हिंग कॉइल मीटर मोजतो रेक्टिफाय केलेली सरासरी, पण त्याची पट्टी आखताना प्रवाह साईन आहे असं गृहीत धरून ती १.११ ने गुणलेली असते. म्हणून तो २.८७५ × १.११, म्हणजे ३.१९ दाखवेल. आपल्या आकारासाठी हा गुणक ३.८१ ÷ २.८७५, म्हणजे १.३२ हवा होता. मूव्हिंग आयर्न मीटर ३.८१ च्या आसपास येईल.

ट्रू आरएमएस लिहिलेला डिजिटल मीटर एसीवर ठेवला आणि ३.७१ दिसलं, तर मीटर बिघडलाय असं समजू नका. असे बरेच मीटर एसीवर असताना आतला डीसी भाग आधी काढून टाकतात. १४.५ मधून ०.८७५ चा वर्ग, म्हणजे ०.७६६, वजा केला तर १३.७३ उरतात आणि त्याचं मूळ ३.७१. करंट ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या क्लॅम्प मीटरचंही तसंच, त्याला डीसी दिसतच नाही. मीटरवर एसी + डीसी अशी सोय असेल तर ती वापरा. नसेल तर एकदा एसीवर, एकदा डीसीवर वाचन घ्या आणि दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढा. मघाशी थर आणि त्रिकोणाला जी बेरीज चालली नाही, ती इथे चालते.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी १० ओहमचा रेझिस्टर घ्यायला सांगतो. सरासरीचा वर्ग घेतला तर त्यावर साडेसात वॅटच्या आसपास उष्णता निघते. आरएमएसने निघतात १४५ वॅट. पहिल्या हिशोबावर विसंबून कुणी १० वॅटचा रेझिस्टर जोडलाच, तर चूक कुठली झाली हे वासावरून कळतं.